हजार हर्ट्झ हजारावरच बसवायचे: बटरवर्थ फिल्टर अ‍ॅनलॉगमधून डिजिटलमध्ये आणताना

नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मोटारींची आणि पंपांची कंपनं मोजणारं एक छोटं कार्ड बनतं. कंपनाची तीव्रता मोजताना बहुतेक यंत्रांसाठी १० ते १००० हर्ट्झ एवढाच पट्टा धरतात, आयएसओच्या मानकातही हाच आहे. म्हणून कार्डात १००० हर्ट्झचा लो-पास फिल्टर लागतो. सॅम्पलिंग सेकंदाला ५००० वेळा. नवीन लागलेल्या मुलीने फिल्टरचा कोड लिहिला, फंक्शन जनरेटरवर १ व्होल्टची, नेमकी १००० हर्ट्झची साइन लावली आणि मला हाक मारली.

"सर, कटऑफवर ०.७१ यायला हवं ना? इथे ०.६० येतंय. वायरिंग पाहिलं, जनरेटरही पाहिला."

"वायरिंग राहू दे," मी म्हटलं. "तू s च्या जागी काय घातलंस ते दाखव."

तिने पुस्तकातला अ‍ॅनलॉग फिल्टर घेतला होता, त्यात १००० हर्ट्झ घातले होते आणि बायलिनिअर ट्रान्सफॉर्मचं सूत्र जसंच्या तसं लावलं होतं. गणितात एकही चूक नव्हती. तरीही फिल्टरचा कटऑफ १००० वर नव्हता, ८९३ हर्ट्झवर जाऊन बसला होता. हे असं का होतं आणि तो १००० वर कसा आणायचा, हे इथे पायरीपायरीने लिहितो, कारण ही गोष्ट एकदा डोळ्यांसमोर आली की सूत्र पाठ करायची वेळच येत नाही.

सुरुवात अ‍ॅनलॉग नमुन्यापासून करू. ब्रिटिश अभियंता स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये अशा फिल्टरची मांडणी केली, ज्याचा पासबँड जास्तीत जास्त सपाट असतो. दुसऱ्या ऑर्डरचा नमुना, कटऑफ १ धरून, असा दिसतो:

```
H(s) = 1 / (s^2 + 1.4142 s + 1)
```

यातल्या 1.4142 कडे, म्हणजे √2 कडे, नीट बघा. फ्रिक्वेन्सी Ω असेल तर छेदाच्या परिमाणाचा वर्ग (1 − Ω²)² + 2Ω² एवढा येतो. कंस सोडवला की 1 − 2Ω² + Ω⁴ मिळतं, आणि त्यात मिळवायचे 2Ω² आहेतच. मधली Ω² ची पदं एकमेकांना पूर्ण खाऊन टाकतात आणि उरतं फक्त 1 + Ω⁴. √2 च्या जागी थोडा लहान आकडा घातला तर Ω² चं पद ऋण उरतं आणि कटऑफच्या अलीकडे गेनला उंचवटा येतो. मोठा आकडा घातला तर गेन सुरुवातीपासूनच ढळायला लागतो. √2 वर दोन्ही टळतं. शून्याजवळ गेन फक्त चौथ्या घाताने हलतो, म्हणजे Ω अर्ध्यावर असताना त्यात फक्त ०.०६२५ मिळवले जातात आणि गेन जेमतेम ०.२६ डीबी उतरतो. जास्तीत जास्त सपाट म्हणतात ते हेच. Ω = 1 झालं की छेदाचा हा वर्ग 2 होतो आणि गेन ०.७०७, म्हणजे ३ डीबी खाली. कटऑफची व्याख्या ती.

आता हा फिल्टर मायक्रोकंट्रोलरमध्ये चालवायचा आहे. तिथे कपॅसिटर नाही, सलग वेळ नाही. आहेत ते फक्त सॅम्पल: आत्ताचा, मागचा, त्याच्या मागचा. अ‍ॅनलॉग सर्किटमध्ये जे इंटिग्रेशन कपॅसिटर करतो, ते इथे बेरजेने करावं लागतं. लागोपाठच्या दोन सॅम्पलची सरासरी घ्यायची, तिला सॅम्पलमधल्या वेळेने, म्हणजे T ने, गुणायचं आणि आधीच्या बेरजेत टाकायचं. वक्राखालचं क्षेत्रफळ समलंब चौकोनांनी मोजायची शाळेतली रीत तीच. ही रीत z च्या भाषेत लिहिली की बायलिनिअर ट्रान्सफॉर्म मिळतो. कंट्रोल इंजिनिअरिंगमध्ये याला टस्टिनची पद्धत म्हणतात:

```
s  →  (2/T) · (1 − z⁻¹) / (1 + z⁻¹)
```

z⁻¹ म्हणजे एक सॅम्पल मागे, म्हणून वर लागोपाठच्या दोन सॅम्पलची वजाबाकी आहे आणि खाली बेरीज. सॅम्पलिंग सेकंदाला fs वेळा असेल आणि f फ्रिक्वेन्सीची साइन यातून गेली तर काय होतं? वजाबाकी sin(πf/fs) च्या प्रमाणात वाढते आणि बेरीज cos(πf/fs) च्या प्रमाणात घटते. त्यांचा भागाकार म्हणजे tan(πf/fs). खऱ्या अ‍ॅनलॉग इंटिग्रेटरमध्ये इथे नुसता πf/fs असायला हवा होता, आपल्याला मिळाला त्याचा टॅन. सगळी भानगड या एका टॅनमध्ये आहे. साइन संथ असेल तर लागोपाठचे दोन सॅम्पल जवळपास सारखे असतात, टॅन आणि कोन एकच वाटतात आणि फरक कळत नाही. साइन जलद झाली की सॅम्पल एकमेकांपासून दूर जातात, बेरीज रोडावते आणि टॅन कोनाच्या पुढे पळतो.

हे मनात बसवायला कॉलेज रोडवरच्या एखाद्या तीनमजली इमारतीच्या गच्चीच्या कडेला उभं असल्याची कल्पना करा. डोळे जमिनीपासून १० मीटर उंच आणि समोर सरळ रस्ता. पायथ्यापासून मोजलेलं रस्त्यावरचं अंतर म्हणजे अ‍ॅनलॉग फ्रिक्वेन्सी. तिला शेवट नाही, रस्ता कितीही लांब जाऊ शकतो. सरळ खाली पाहिलं तर शून्य अंश, आणि तिथून नजर जेवढी वर उचलावी लागते तो कोन म्हणजे डिजिटल फ्रिक्वेन्सी. कोनाला मात्र शेवट आहे. कितीही लांबचा खांब असो, नजर क्षितिजापर्यंतच जाते, ९० अंशांपर्यंत. आपलं सॅम्पलिंग ५००० चं आहे, म्हणून क्षितिज म्हणजे २५०० हर्ट्झ. त्या हिशोबाने ५०० हर्ट्झ १८ अंशांवर, १००० हर्ट्झ ३६ अंशांवर, १५०० हर्ट्झ ५४ वर आणि २००० हर्ट्झ ७२ वर.

१००० हर्ट्झचा πf/fs येतो ०.६२८. म्हणून त्या मुलीने खांब ६.२८ मीटरवर रोवला. पण गच्चीवरून तो खांब ३६ अंशांवर दिसत नाही. ०.६२८ चा उलटा टॅन घ्या: ३२.१४ अंश. अंशांचं रूपांतर परत हर्ट्झमध्ये केलं की ८९३. बायलिनिअर ट्रान्सफॉर्मने काही बिघडवलं नाही, त्याने खांब जिथे होता तिथेच दाखवला. आपल्याला तो ३६ अंशांवर दिसायला हवा असेल तर आधीच लांब रोवला पाहिजे, tan 36° म्हणजे ०.७२६५ च्या हिशोबाने ७.२७ मीटरवर. प्रीवॉर्पिंग म्हणतात ते एवढंच. ट्रान्सफॉर्म बदलत नाही, सूत्र बदलत नाही. फक्त अ‍ॅनलॉग फिल्टर १००० ऐवजी ११५६ हर्ट्झचा डिझाइन करायचा, म्हणजे दबून तो बरोबर १००० वर येतो.

प्रत्यक्ष हिशोबात T आणि 2/T बाळगायचीही गरज नाही, ते दोन्हीकडून कटतात. नमुन्यात कटऑफ १ आहे, म्हणून s च्या जागी थेट हे घालायचं, fc म्हणजे आपल्याला हवा तो कटऑफ:

```
s  →  (1/K) · (1 − z⁻¹) / (1 + z⁻¹),    K = tan(π·fc/fs)
```

मग वरखाली K²(1 + z⁻¹)² ने गुणायचं, z च्या घातांप्रमाणे पदं गोळा करायची आणि छेदातलं पहिलं पद १ व्हावं म्हणून सगळ्याला त्याच पदाने, म्हणजे D ने, भागायचं. एका कागदावर मावणारं काम आहे आणि प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावं असं मला मनापासून वाटतं. निघतं ते असं:

```python
from math import tan, pi, sqrt
fs, fc = 5000, 1000
K  = tan(pi*fc/fs)
D  = 1 + sqrt(2)*K + K*K
b0 = K*K/D
b1 = 2*b0
b2 = b0
a1 = 2*(K*K - 1)/D
a2 = (1 - sqrt(2)*K + K*K)/D
```

आपल्या आकड्यांनी K = ०.७२६५४, K² = ०.५२७८६ आणि D = २.५५५३५. त्यावरून b0 आणि b2 प्रत्येकी ०.२०६५७, b1 = ०.४१३१४, a1 = −०.३६९५३ आणि a2 = ०.१९५८२. दर सॅम्पलला चालवायचं ते हे:

```
y[n] = b0·x[n] + b1·x[n-1] + b2·x[n-2] − a1·y[n-1] − a2·y[n-2]
```

कोड चालवायच्या आधी दोन तपासण्या कागदावरच होतात. एक, डीसीचा गेन. b ची बेरीज ०.८२६२९, आणि १ + a1 + a2 ची बेरीजही ०.८२६२९. भागाकार १, म्हणजे स्थिर सिग्नल जसाच्या तसा बाहेर येणार. दोन, पायरीचा सिग्नल. सगळे जुने सॅम्पल शून्य असताना x एकदम १ केला की y ओळीने ०.२०७, ०.६९६, १.०४३, १.०७५, १.०१९, ०.९९२ असा येतो आणि मग १ वर स्थिरावतो. थोडा वर जाऊन परत येणं हा बटरवर्थचा स्वभाव आहे, त्याने घाबरून जाऊ नये. कार्डावरचे पहिले सहा आकडे असेच आले तर कोडमध्ये गुणांकांची किंवा जुन्या सॅम्पलची अदलाबदल झालेली नाही, एवढी खात्री धरा.

आता जिथे बरेच जण अडकतात तो मुद्दा. प्रीवॉर्पिंग केलं म्हणजे डिजिटल फिल्टर अ‍ॅनलॉगसारखा झाला, असा समज होतो. तसं होत नाही. आपण एकच खांब हवा तिथे आणला, १००० चा. बाकीचे खांब टॅनच्या हिशोबाने जिथे दिसायचे तिथेच दिसतात. ५०० हर्ट्झला खरा अ‍ॅनलॉग फिल्टर ०.२६ डीबी उतरलेला असतो, आपला डिजिटल फिल्टर ०.१७. १००० ला दोघेही ३.०१ वर. पुढे मात्र वाटा फुटतात. १५०० ला अ‍ॅनलॉग ७.८ डीबी खाली आणि डिजिटल ११.४, तर २००० ला अ‍ॅनलॉग १२.३ आणि डिजिटल २५.१. क्षितिजाजवळ लांबच्या लांब रस्ता थोड्याशा कोनात कोंबला गेलेला असतो, म्हणून उतार तिथे कड्यासारखा होतो. बरोबर २५०० हर्ट्झला गेन पूर्ण शून्य, कारण अ‍ॅनलॉग फिल्टर अनंतावर जिथे शून्य होतो ती जागा इथे २५०० वर आली. b मधला १, २, १ हा आकृतिबंध त्याचीच खूण आहे. +१, −१, +१, −१ असे सॅम्पल आत घातले तर b0 − b1 + b2 शून्यच येतं.

लो-पाससाठी हा बदल आपल्या फायद्याचाच आहे. सपाटपणाही टिकतो, आणि तो का टिकतो हे कळणं मला सगळ्यात समाधानाचं वाटतं. ट्रान्सफॉर्म गेनच्या उंचीला हात लावत नाही, फक्त आडव्या अक्षावर ताणतो आणि दाबतो. अ‍ॅनलॉगमध्ये ज्या उंचीचे बिंदू होते तेच बिंदू, त्याच क्रमाने, फक्त सरकून बसतात. शून्याजवळ टॅन म्हणजे जवळपास कोनच, म्हणून चौथ्या घाताने हलणारा गेन तिथे चौथ्या घातानेच हलत राहतो. नवीन उंचवटा कुठून येणार? म्हणून बटरवर्थसाठी बायलिनिअर ट्रान्सफॉर्म अगदी योग्य. ज्या फिल्टरचं सगळं बळ वेळेच्या विलंबात आहे, जसा बेसेल, त्याचं मात्र इथे नुकसान होतं. अक्ष ताणला गेला की फेजची सरळ रेषा वाकते आणि विलंब सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा राहत नाही. बँड-पास असेल तर दोन्ही कडा वेगवेगळ्या प्रीवॉर्प करायच्या. मधली फ्रिक्वेन्सी प्रीवॉर्प करून रुंदी तशीच ठेवली तर कडा चुकतात.

प्रीवॉर्पिंग कधी सोडलं तर चालतं? सरकण्याचा अंदाज (πf/fs)² भागिले ३ या हिशोबाने येतो. कटऑफ सॅम्पलिंगच्या विसाव्या हिश्शाला असेल तर चूक एक टक्क्याच्या आत, दहाव्या हिश्शाला तीन टक्क्यांच्या आसपास. आपल्यासारखा पाचव्या हिश्शाला असेल तर हा अंदाज थोडा जास्त येतो, प्रत्यक्ष चूक जवळपास अकरा टक्के. तरी माझं मत असं की ते नेहमीच करावं. एक टॅन काढायला काही पडत नाही, आणि उद्या कोणी सॅम्पलिंग कमी केलं तर जुनी गृहीतकं आठवत बसावं लागत नाही.

बिघाड ओळखायचा तर १ व्होल्टची १००० हर्ट्झची साइन पुरेशी आहे. ०.७१ आलं तर ठीक. ०.६० आलं तर प्रीवॉर्पिंग राहिलं. ०.८३ आलं तर ते दोनदा झालं. ही दुसरी चूक तयार लायब्ररी वापरणाऱ्यांची. पायथॉनमधलं `scipy.signal.butter` डिजिटल फिल्टर देताना स्वतःच प्रीवॉर्प करतं. त्याला आपण हिशोब करून ११५६ दिलं तर कटऑफ खरोखरच ११५६ वर बसतो. उलट `scipy.signal.bilinear` ला आपण अ‍ॅनलॉग गुणांक देतो, ते फक्त s बदलतं, प्रीवॉर्पिंग करत नाही. कोणतं फंक्शन काय करतं हे एकदा वाचून ठेवावं.

तिसरी चूक जास्त फसवी आहे. आर्मच्या CMSIS-DSP मधल्या `arm_biquad_cascade_df1_f32` मध्ये a1 आणि a2 वजा होत नाहीत, मिळवले जातात. म्हणून त्यांची चिन्हं उलटी करून द्यावी लागतात. विसरलं तर फिल्टर फुटेल, आवाज करेल, असं वाटतं. आपल्या गुणांकांनी तसं काहीच होत नाही, तो शांतपणे चालत राहतो. फक्त डीसीला १ च्या जागी ०.७०४ देतो. हा आकडा ०.७०७ च्या इतका जवळ आहे की कोणीतरी "३ डीबी दिसतायत, म्हणजे फिल्टर चालतोय" असं म्हणून पुढे जाऊ शकतो. म्हणून आधी डीसी तपासायचा, मग कटऑफ.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ट्रान्सफॉर्मने सुटत नाही. बेअरिंगमधून ४२०० हर्ट्झचं कंपन येत असेल तर ५००० च्या सॅम्पलिंगमध्ये ते ८०० हर्ट्झचं होऊन दिसतं आणि आपला फिल्टर ते खुशाल आत घेतो. २५०० वरचा तो सुंदर शून्य त्याच्यासाठी उपयोगाचा नाही, कारण तिथे पोचेपर्यंत ते ८०० झालेलं असतं. एडीसीच्या आधी खऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरचा किंवा ऑप-अँपचा अ‍ॅनलॉग फिल्टर लागतोच.

आणि पट्ट्याचं दुसरं टोक, १० हर्ट्झचा हाय-पास. तिथे K = ०.००६२८३, टॅन घ्या की न घ्या, फरक सहाव्या दशांश स्थळापर्यंत दिसतही नाही. तिथला त्रास वेगळा आहे. छेदाचे गुणांक येतात a1 = −१.९८२२२९ आणि a2 = ०.९८२३८५. त्यांची १ सह बेरीज फक्त ०.०००१५७ उरते आणि फिल्टरची फ्रिक्वेन्सी या उरलेल्या कणावरच ठरते. गुणांक सोळा बिटांत, १/१६३८४ च्या पटीत गोळा करून ठेवले तर ते −३२४७७ आणि १६०९५ होतात. १६३८४ मधून पहिला वजा करून दुसरा मिळवा, बेरीज येते २, जिथे २.५६ हवी होती. फ्रिक्वेन्सी तिच्या वर्गमुळाने चालते, म्हणून १० हर्ट्झ म्हणून लिहिलेला फिल्टर ८.८ वर बसतो. त्या कार्डाच्या प्रोसेसरमध्ये फ्लोटिंग पॉइंट आहे, म्हणून आम्ही दोन्ही फिल्टर ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवले. तिथे हीच गोळाबेरीज एका टक्क्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी चुकते.